मृत्युपत्रात आपलीच वस्तू दुसऱ्याला दिलेली असते तेव्हा

(तालुका पातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं बोलणं, छापण्यासाठी थोडं नीटनेटकं करून.)



आयोजकांनी मला 'बायका आणि वारसाहक्क' असा विषय दिला होता. तो एका दुपारीत आटोपणारा नाही, म्हणून त्यातला एकच कोपरा मी आज निवडला आहे. आपल्या सल्ला केंद्रांवर ज्या बायका मृत्युपत्राचा कागद घेऊन येतात, त्यांतल्या बऱ्याच जणींना हा कोपरा माहीत नसतो. खरं सांगायचं तर त्यांच्या भावांना आणि दिरांनाही तो अर्धवटच माहीत असतो. पण त्या अर्धवट माहितीचा धाक घालून ते बाईकडून सही मात्र घेतात.

गोष्ट अशी असते. एखादा माणूस मृत्युपत्र करतो. त्यात तो बायकोला किंवा मुलीला काहीतरी देतो, आणि त्याच कागदात तिच्याच मालकीची एखादी वस्तू तिसऱ्याच कुणाला देऊन टाकतो. वस्तू म्हणजे तिची जमीन, तिचा हिस्सा, तिचे दागिने. आता ती वस्तू त्याची नाहीच, तर त्याला ती देता कशी येईल? येत नाही. मृत्युपत्रात लिहिलं म्हणून दुसऱ्याची मालकी जात नाही. बाईने तो कागद बाजूला ठेवला तरी तिची जमीन तिचीच राहते. इथवर कुणीही सांगेल. पण त्याच कागदात तिलाही काही दिलेलं असतं, आणि पेच तिथे पडतो. कायदा म्हणतो, या कागदातलं तुला हवं ते घ्यायचं आणि नको ते नाकारायचं, असं चालणार नाही. एक तर कागद पुरता मान्य कर, म्हणजे तुझी वस्तू दुसऱ्याला जाऊ दे आणि तुला दिलेलं तू घे. नाही तर तुझी वस्तू तू ठेव आणि कागदाने दिलेलं सोड.

याला वकील लोक 'डॉक्ट्रिन ऑफ इलेक्शन' म्हणतात. ऐकल्यावर मतपेटी डोळ्यांपुढे येते, पण इथे अर्थ निवड असा आहे. आपण याला निवडीचं तत्त्व म्हणू. हे मूळचं इंग्लंडच्या चॅन्सरी न्यायालयाचं. १७०६ सालच्या नॉइस विरुद्ध मॉर्डंट या खटल्यापासून त्याचा दाखला देतात. आपल्याकडे ते १८६५च्या वारसा कायद्यात आलं आणि आज भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ यात कलम १८० ते १९० अशा अकरा कलमांत आहे. ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांना ही कलमं लागू आहेतच, आणि कलम ५७ मुळे हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन मृत्युपत्रांनाही लागू आहेत. मुसलमान कुटुंबांना ती लागू नाहीत. तिथे वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने एकतृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही, आणि त्याचे नियम वेगळे आहेत. गोव्याचा वारसा कायदाही वेगळा आहे. तेव्हा समोर आलेली बाई कोण आणि कुठली, हा पहिला प्रश्न विसरायचा नाही.

बायकोचं ते आपलंच

कलम १८२ मला फार बोलकं वाटतं. ते सांगतं की मृत्युपत्र करणाऱ्याला ती वस्तू स्वतःची वाटत होती का, याला काही महत्त्व नाही. त्याने जाणूनबुजून दुसऱ्याची वस्तू दिली असो की प्रामाणिकपणे आपली समजून दिली असो, निवड करावीच लागते.

आपल्या घरांमध्ये हा प्रामाणिक गैरसमजच जास्त असतो. बायकोला माहेरच्या वाटणीत दोन एकर आली. सातबाऱ्यावर नाव तिचं, पण पेरणी नवरा करतो, पीक नवरा विकतो, सोसायटीचं कर्ज तो काढतो. वीस वर्षांनी मृत्युपत्र करताना तो ही जमीन आपल्या जमिनीसारखीच मुलांत वाटून टाकतो. त्याच्या मनात कपट नसतं. बायकोचं ते आपलंच, हे इतकं मुरलेलं असतं की त्याला प्रश्नच पडत नाही. कागद लिहून देणाऱ्यालाही पडत नाही, आणि साक्षीदारांनाही पडत नाही. कायदा याबद्दल नवऱ्याला काही विचारत नाही. विचारतो तो बाईला: आता तू काय करणार?

कायद्यातलं उदाहरण

कायद्याने स्वतःच एक सोपं उदाहरण दिलं आहे. सुलतानपूर नावाचं शेत 'क'च्या मालकीचं आहे, त्याची किंमत ८०० रुपये. 'अ' मृत्युपत्र करून ते शेत 'ब'ला देतो आणि 'क'ला १,००० रुपये देतो. 'क' म्हणतो, मी माझं शेत ठेवतो. मग त्याला १,००० रुपये सोडावे लागतात. त्यांतले ८०० 'ब'ला मिळतात, कारण कागदाप्रमाणे त्याला शेत मिळणार होतं आणि ते मिळालं नाही. उरलेले २०० 'क'कडे परत येत नाहीत. मृत्युपत्रात बाकी राहिलेली मिळकत ज्याला दिली असेल त्याच्याकडे ते जातात, आणि तसं कुणी नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे वाटले जातात.

हा हिशोब नीट लक्षात ठेवा. इंग्लंडमध्ये वस्तू ठेवणाऱ्याने नुकसानीपुरती भरपाई दिली की वरचं त्याला ठेवता येतं. आपल्या कायद्यात तसं नाही. शेत ८००चं असलं तरी सोडावे लागतात पुरते १,०००. म्हणून 'आधी जमीन ठेवू, मग वरचे पैसे मागू' असा सल्ला आपल्या केंद्रावरून कुणी देऊ नये.

आता हे एका घरात कसं घडतं ते सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मावशींचा कागद

मावशींचं वय एकसष्ट. नवरा वारला तेव्हा त्याचं नोंदणी केलेलं मृत्युपत्र निघालं. घर आणि घरालगतची जमीन त्याची होती, ती त्याने थोरल्याला दिली. मावशींच्या नावची माहेरची दोन एकर धाकट्याला दिली. मावशींना बँकेतली त्याच्या नावची सहा लाखांची ठेव आणि घराची मागची खोली राहायला तहहयात दिली. मृत्युपत्राचा व्यवस्थापक, ज्याला एक्झिक्युटर म्हणतात, तो थोरलाच होता.

दिवसकार्य झाल्यावर थोरल्याने मृत्युपत्र वाचून दाखवलं, पण आईपुरतंच. 'तुला ठेव आणि खोली दिली आहे,' एवढंच. ठेवीवर वर्षाला ४२,००० रुपये व्याज येत होतं. सहा महिन्यांचे २१,००० मावशींच्या खात्यात आले आणि घरखर्चात गेले. मग एक दिवस धाकटा जमिनीच्या फेरफारासाठी तलाठ्याकडे गेला. तलाठ्याने सांगितलं, सातबारा आईच्या नावावर आहे, वडिलांच्या मृत्युपत्रावर तो बदलता येत नाही, आईकडून लिहून आणा. धाकटा कागद घेऊन आईसमोर बसला तेव्हा मावशींना पहिल्यांदा कळलं की आपली जमीन नवऱ्याने देऊन टाकली आहे.

त्या आमच्याकडे आल्या तेव्हा थोरल्याने त्यांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, 'तू व्याज घेतलंस म्हणजे मृत्युपत्र मान्य केलंस, आता जमीन द्यावीच लागेल.' दोन, 'नाही दिलीस तर ठेव जाईल आणि खोलीही सोडावी लागेल.' दोन्ही गोष्टी वकिलाने सांगितल्या, असंही तो म्हणाला. दोन्हींत थोडं थोडं खरं होतं, म्हणूनच त्या धोकादायक होत्या. एकेक घेऊ.

घेतलं म्हणजे मान्य केलं का?

कलम १८७ म्हणतं की मृत्युपत्राने दिलेला लाभ स्वीकारणं म्हणजे मृत्युपत्राच्या बाजूने निवड करणं. थोरल्याच्या वकिलाने इथपर्यंतच सांगितलं. पण कलम इथे संपत नाही. ते पुढे म्हणतं, स्वीकारणाऱ्याला आपल्याला निवडीचा हक्क आहे हे माहीत असलं पाहिजे, आणि शहाणा माणूस निवड करताना ज्या गोष्टी विचारात घेईल त्याही माहीत असल्या पाहिजेत. किंवा मग 'मला काही जाणून घ्यायचं नाही' असं त्याने स्वतःहून ठरवलेलं असलं पाहिजे. मावशींना त्यांची जमीन कागदात आहे हेच माहीत नव्हतं. त्यांनी घेतलेलं व्याज ही निवड ठरत नाही.

कायद्यातली दोन उदाहरणं इथे आपल्या कामाची आहेत. पहिल्यात मुलाला आपली मालकी माहीत नसते. तो आपली इस्टेट दुसऱ्याला घेऊ देतो आणि मृत्युपत्राने मिळालेली स्वतः घेतो. कायदा म्हणतो, त्याने काही मान्य केलेलं नाही. दुसऱ्यात मुलाला सांगितलं जातं की तुझ्या वाट्याला ५,००० येतील, म्हणून तो आपली इस्टेट सोडतो. नंतर कळतं की हाती ५०० पेक्षा जास्त येत नाहीत. कायदा म्हणतो, यानेही काही मान्य केलेलं नाही. म्हणून निवड करण्याआधी बाईला तीन कागद मागायला सांगा: मृत्युपत्राची पूर्ण प्रत, मृताच्या मिळकतीची यादी आणि त्याच्या कर्जांची यादी. तिला दिलेल्या ठेवीवर आधीच कर्ज काढलेलं असेल, तर सहा लाख कागदावरच राहतात.

पण अज्ञानाचं हे कवच कायमचं नाही. कलम १८८ प्रमाणे बाईने दोन वर्षं मृत्युपत्राचा लाभ उपभोगला आणि विरोध दाखवणारं काहीच केलं नाही, तर तिला सगळं माहीत होतं असं न्यायालय गृहीत धरतं. तिला माहीत नव्हतं हे मग तिला पुराव्याने दाखवावं लागतं. शिवाय तिने असं काही केलं असेल की परिस्थिती पूर्ववत करणंच अशक्य झालं, तर त्यावरूनही तिची निवड ठरते. कायद्यातलं उदाहरण कोळशाच्या खाणीचं आहे: खाण घेतली आणि कोळसा काढून संपवला. आपल्याकडे ठेव मोडून नातवाच्या शिक्षणाला दिली, मिळालेला प्लॉट विकला, असं काही झालं की हाच प्रश्न उभा राहू शकतो. मावशींनी फक्त सहा महिन्यांचं व्याज घेतलं होतं. ते परत करण्यासारखं होतं आणि दोन वर्षंही झाली नव्हती.

एक शब्द आणि एक खोली

आता थोरल्याची दुसरी गोष्ट, ठेव आणि खोली दोन्ही जातील ही. सर्वसाधारण नियमाने ते बरोबर आहे. कागद नाकारला तर कागदाने दिलेलं सगळंच सोडावं लागतं. आमच्या वकील मैत्रिणीने मात्र मृत्युपत्राची प्रत मागवून शब्द न् शब्द वाचला. त्यात असं होतं: पत्नीच्या नावची दोन एकर धाकट्याला द्यावी, 'त्याऐवजी' पत्नीला सहा लाखांची ठेव द्यावी. खोलीचं कलम वेगळं होतं, पुढच्या पानावर, आणि तिथे 'त्याऐवजी' हा शब्द नव्हता.

कलम १८६ हा अपवाद आहे. बाईच्या एखाद्या वस्तूच्या बदल्यात अमुक गोष्ट दिली असं मृत्युपत्रातच म्हटलं असेल, तर वस्तू ठेवणाऱ्या बाईला ती बदल्यातली गोष्ट तेवढी सोडावी लागते. बाकीचं सोडावं लागत नाही. कायद्यातलं उदाहरणही एका विधवेचंच आहे. लग्नाच्या करारानुसार तिला एका इस्टेटीचा तहहयात उपभोग मिळणार असतो. नवरा ती इस्टेट मुलाला देतो, त्या बदल्यात तिला वर्षासन देतो, आणि शिवाय वेगळे १,००० रुपये देतो. तिने इस्टेटीचा हक्क ठेवला तर वर्षासन जातं, पण १,००० राहतात.

मावशींची खोली त्या १,००० रुपयांसारखी होती.

मग हिशोब असा झाला. जमिनीची तेव्हाची किंमत साधारण चौदा लाख. मावशींनी मृत्युपत्र मान्य केलं तर चौदा लाखांची जमीन जाणार, सहा लाखांची ठेव आणि खोली मिळणार. नाकारलं तर जमीन राहणार, खोलीही राहणार आणि सहा लाख जाणार. ते सहा लाख धाकट्याला मिळणार, कारण त्याला चौदा लाखांची जमीन मिळणार होती आणि मिळाली नाही. म्हणजे धाकटाही अगदी रिकाम्या हाताने जाणार नव्हता. मावशींना हे फार महत्त्वाचं वाटलं. 'पोराचं नुकसान मी केलं असं व्हायला नको,' हे त्या पहिल्या दिवसापासून म्हणत होत्या. कायद्यानेच त्याची सोय केली आहे हे समजल्यावर त्यांचा आवाज बदलला.

त्यांनी जमीन ठेवली. २१,००० रुपये परत केले. दोघा मुलांना पत्र पाठवलं. धाकटा सहा महिने बोलत नव्हता. आता तीच जमीन तो आईकडून अर्धलीने करतो, आणि निम्मं पीक आईच्या घरात येतं.

तो एक शब्द नसता तर? मग खोली आणि ठेव दोन्ही गेली असती, आणि निवड फार अवघड झाली असती. तरीही बाई अगदी उघड्यावर पडत नाही, हे इथे सांगायला हवं. हिंदू दत्तक आणि निर्वाह अधिनियम, १९५६च्या कलम २२ प्रमाणे ज्या विधवेला नवऱ्याच्या मिळकतीतून मृत्युपत्राने किंवा वारसाने काहीच वाटा मिळाला नाही, तिला ती मिळकत घेणाऱ्यांकडून पोटगी मागता येते. उत्तराधिकार कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातही स्पष्ट म्हटलं आहे की मृत्युपत्राची ही कलमं वापरून कुणाचा निर्वाहाचा हक्क काढून घेता येणार नाही. नवरा सरकारी नोकर असेल तर कुटुंब निवृत्तिवेतन ही मृत्युपत्राने देण्याची गोष्टच नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९९१ साली सांगितलं आहे. मृत्युपत्र नाकारलं म्हणून ते निवृत्तिवेतन थांबत नाही. 'कागद नाकारशील तर भिकेला लागशील' असं कुणी म्हटलं, तर कागदाने दिलेलं कोणतं आणि कायद्याने मिळणारं कोणतं, हे आधी वेगळं करा.

मुलींच्या बाबतीत: 'माझी' आणि 'सगळी'

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न बहुतेक वेळा वडिलोपार्जित जमिनीवर येतो. समजा नऊ एकर वडिलोपार्जित जमीन आहे. आई आधीच गेली आहे. घरात वडील, एक मुलगा, एक मुलगी. २००५च्या दुरुस्तीनंतर मुलगी जन्मानेच सहदायाद आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली विनीता शर्मा खटल्यात सांगितलं. जुनी पक्की वाटणी झालेली नसेल तर तिघांचे तीन-तीन एकर. वडिलांना मृत्युपत्राने देता येतात ते स्वतःचे तीन.

वडील मुलीला दोन लाख रुपये देतात आणि जमीन मुलाला. आता कागदात नेमकं काय लिहिलं आहे यावर सगळं अवलंबून आहे. 'माझी सर्व शेतजमीन मुलास' असं असेल, तर न्यायालय सहसा असं धरतं की माणूस स्वतःचं तेवढंच देतो आहे. त्याचे तीन एकर मुलाला गेले. मुलीच्या तीन एकरांना कुणी हात लावलेलाच नाही, तेव्हा तिला निवड करण्याची गरज नाही. ती आपले तीन एकर ठेवते आणि दोन लाखही घेते. पण 'अमुक गटातील संपूर्ण नऊ एकर, मुलीच्या हिश्शासह, मुलास' असं स्पष्ट लिहिलं असेल, तर तिचाही हिस्सा दिला गेला आहे. तिथे निवड करावी लागते.

ज्याचा वस्तूत काही हिस्सा आहे, तो आपल्या हिश्शाबद्दलच बोलतो आहे असं आधी धरायचं. दुसऱ्याचाही हिस्सा द्यायचा होता हे कागदावरून स्वच्छ दिसलं पाहिजे. म्हणून भाऊ म्हणाला, 'दोन लाख घेतलेस म्हणजे जमीन सोडलीस,' तर त्याला वाक्य दाखवायला सांगा.

आणि मुलीला कागदात काहीच दिलेलं नसेल, तर निवडीचा प्रश्नच येत नाही. सोडायला काही नाही, म्हणून बदल्यात मागायलाही काही नाही. तिचा हिस्सा सरळ तिचा. गंमत अशी की ज्या वडिलांनी मुलीला अगदी वगळलं, तिची वाट सोपी असते, आणि ज्यांनी थोडंसं दिलं, तिचीच अडते.

एका गोष्टीपासून मात्र फार जपा. भाऊ धनादेशाबरोबर हक्कसोडपत्र पुढे करतो. ती दोन वेगळी कामं आहेत. अजाणतेपणी घेतलेला धनादेश परत करता येतो. पण नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र हा स्वतंत्र दस्त आहे. तो फसवून घेतला असला तरी रद्द करायला दिवाणी दावा लावावा लागतो, आणि फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. पैसे घ्यायचे की नाही हे नंतर ठरवा. सही आधी थांबवा.

मुदती आणि पत्र

मृत्यूनंतर एक वर्षाच्या आत बाईने आपली निवड कळवावी अशी अपेक्षा आहे. तिने कळवली नाही, तर वर्ष संपल्यावर मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने तिला निवड करायला सांगायचं असतं. तसं विचारल्यावर वाजवी वेळेत ती बोलली नाही, तर तिने मृत्युपत्र मान्य केलं असं धरलं जातं. हे कलम १८९. म्हणजे पहिल्या वर्षात कुणी 'आठ दिवसांत सांग' म्हणून धमकावलं तर त्याला कायद्याचा आधार नाही. पण वर्षानंतर आलेली नोटीस उशाखाली ठेवायची नाही. तिथे गप्प बसणं म्हणजेच होकार. मुलगी अज्ञान असेल किंवा बाई मानसिक आजारामुळे निर्णय घेऊ शकत नसेल, तर ती अडचण संपेपर्यंत किंवा योग्य अधिकाऱ्याने तिच्या वतीने निवड करेपर्यंत ही निवड पुढे जाते.

पत्र साधं असावं. मृत्युपत्र कोणाचं, कोणत्या तारखेचं. माझ्या मालकीची अमुक मिळकत त्यात दुसऱ्याला दिली आहे. ती देणं मला मान्य नाही. त्या मृत्युपत्राने मला दिलेला अमुक लाभ मी घेत नाही, घेतलेली रक्कम अमुक तारखेला परत केली आहे. 'त्याऐवजी' असा शब्द असेल तर फक्त तो लाभ सोडते, बाकीचे सोडत नाही, हेही स्पष्ट लिहायचं. पत्र व्यवस्थापकाला पोच मिळेल अशा रीतीने पाठवायचं आणि पोच जपून ठेवायची. अजून निवड ठरलेली नसेल तर तसंही पत्र लिहिता येतं: मला मृत्युपत्राची पूर्ण प्रत आणि मिळकतीचा हिशोब मिळेपर्यंत मी काहीही मान्य केलेलं नाही. दोन वर्षांच्या गृहीतकाला हे पत्र चांगलं उत्तर आहे.

मान्य करणंही निवडच आहे

जेवणाच्या सुट्टीत एका मैत्रिणीने विचारलं, 'मग बाईने नेहमी आपली वस्तूच ठेवावी का?' नाही. दुसऱ्या एका बाईची जिरायत दीड एकर होती, पाण्याचा ठिपूस नाही, किंमत तीन लाखांच्या आत. नवऱ्याने ती पुतण्याला दिली होती आणि तिला शहरातली राहती सदनिका पूर्ण मालकीने दिली होती. तिने मृत्युपत्र मान्य केलं आणि ते शहाणपणाचं होतं. फक्त तिला आम्ही क्रम सांगितला. मृत्युपत्र मान्य केलं तरी जमीन आपोआप पुतण्याची होत नाही, ती तिला नोंदणी केलेल्या दस्ताने लिहून द्यावी लागते. तेव्हा आधी सदनिका तिच्या नावावर व्हावी, निदान दोन्ही कागद एकाच दिवशी व्हावेत. आधी तिचं देऊन मग आपल्या वस्तूची वाट पाहत बसायचं नाही.

कायदा या सगळ्यात एक 'शहाणा माणूस' डोळ्यांपुढे धरतो. तो दोन्ही बाजूंच्या किमती मांडून निवड करतो. आपल्यासमोरच्या बाईला मात्र किमती सांगितलेल्या नसतात, पूर्ण कागद दाखवलेला नसतो, आणि जिच्या खोलीचा प्रश्न आहे ती त्याच खोलीत बसून उत्तर देत असते. ही विषमता आपण एका बैठकीत मिटवू शकत नाही. पण पूर्ण कागद मागवणं आणि किमती मांडणं आपल्या हातात आहे.

म्हणून केंद्रावर मृत्युपत्र घेऊन बाई आली की तिला पाच प्रश्न विचारा. कागदात तुझ्या स्वतःच्या मालकीचं काही दुसऱ्याला दिलं आहे का, आणि ते शब्दांत स्वच्छ दिसतं का? तुला त्याच कागदाने थेट काही दिलं आहे का? 'त्याऐवजी', 'बदल्यात', 'मोबदल्यात' असा शब्द कुठे आहे का? तू आतापर्यंत काय काय घेतलंस, कधी घेतलंस, आणि तेव्हा तुला काय माहीत होतं? मृत्यू होऊन किती महिने झाले? ही उत्तरं एका पानावर लिहून, तारखा घालून, मग तिच्याबरोबर वकिलाकडे जा. आणि तोवर तिने कुठेही सही करू नये.